स्टॅकचा आउटपुट क्रम चुकला

प्रश्न: खालच्या क्रियांसाठी मी ३, २, १ लिहिलं. उत्तर २, ३, १ दिलंय. असं का?

```
push(1) push(2) pop()
push(3) pop() pop()
```

तुम्ही सगळे पुश आधी आणि सगळे पॉप शेवटी धरलेत, म्हणून क्रम चुकला. स्टॅक अख्खी यादी उलटी करत नाही. पॉपच्या क्षणी जो वर असेल तोच बाहेर देतो. पहिल्या पॉपच्या वेळी ३ आत आलेलाच नव्हता, वर २ होता. तो गेला, मग १ वर ३ बसला, म्हणून पुढे ३ आणि शेवटी १. प्रत्येक क्रियेनंतर स्टॅकमध्ये काय उरलं ते कागदावर लिहा, चूक लगेच सापडते. साध्या क्यूमध्ये मात्र काढण्याची क्रिया मध्ये कुठेही आली तरी क्रम १, २, ३ हाच राहतो. प्रायॉरिटी क्यूला हे लागू नाही.