‘माझ्यामुळेच झालं का?’

"मॅडम, नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नाहीत म्हणाले. आठ दिवसांनी परत बघितलं, तेव्हाही नव्हते. मग गोळ्यांनी पिशवी मोकळी केली. पहिल्या सोनोग्राफीच्या आदल्या आठवड्यात यांच्या गाडीवर मागे बसून मी माहेरी गेले होते. वाटेत मोठा खड्डा लागला. सासूबाई म्हणतात, पपई खाल्लीस. खरं सांगा, माझ्यामुळेच झालं का? आणि पुढच्या वेळी परत असंच होणार का?"

एवढं बोलून शुभदाने (नाव बदललं आहे) फाइल माझ्यासमोर ठेवली. वय २९, पहिलंच गर्भारपण. नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता आणि शेजारी सासूबाई. गोळ्या घेऊन महिना होऊन गेला होता.

माझं काम समुपदेशनाचं, पण मनाचं बोलण्याआधी मी अंगाचं विचारते, कारण या दिवसांत दोन्ही वेगळं करता येत नाही. रक्तस्राव थांबला का, असं विचारलं तर ती म्हणाली, "थांबतो, परत डाग लागतो." ताप नव्हता, घाण वास नव्हता, पोटात कळ नव्हती. साधारणपणे गोळ्यांनंतर पहिले दोन-तीन दिवस पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, गाठी पडतात, मग कमी होत होत दोन आठवड्यांत थांबतं. महिन्यानंतरही डाग लागत असतील तर डॉक्टरांना दाखवायला हवं. तिसऱ्या आठवड्यात घरी लघवीची तपासणी करायला सांगितली होती, तीही तिने केली नव्हती. "दोन रेषा परत बघायची हिंमत झाली नाही," म्हणाली. ही भीती मी पुष्कळ जणींच्या तोंडून ऐकली आहे. पण ती तपासणी कामाची आहे. तीन आठवड्यांनंतरही दोन रेषा येत असतील तर पिशवीत काही राहिलंय का ते बघावं लागतं. त्याच दिवशी तिला खालच्या ओपीडीत पाठवलं. रक्तातल्या बीटा एचसीजी या गर्भारपणाच्या संप्रेरकाचा आकडा अगदी खाली आला होता आणि सोनोग्राफीत थोडा अंश राहिलेला दिसला. डॉक्टरांनी पुढच्या पाळीपर्यंत थांबायला सांगितलं. पाळीबरोबर तो अंश निघून गेला.

पुढच्या भेटीत मी टेबलावरचं कॅलेंडर तिच्याकडे सरकवलं आणि फाइल उघडली. तिच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस २ जून होता. पाळी नियमित, त्यामुळे तारखेवर भरवसा ठेवता येत होता. पहिली सोनोग्राफी ५ ऑगस्टची, म्हणजे नऊ आठवडे एक दिवस. रिपोर्टमध्ये गर्भाची लांबी लिहिली होती ९ मिलिमीटर. नऊ आठवड्यांचा गर्भ साधारण २३ मिलिमीटरचा असतो. ९ मिलिमीटर ही साधारण सात आठवड्यांची लांबी. म्हणजे वाढ थांबली ती २१ जुलैच्या आसपास, दोन-चार दिवस इकडे-तिकडे.

"गाडीवर कधी गेलात?"

ती कॅलेंडरवर बोट फिरवत राहिली. "३० जुलै. गुरुवार होता, बाजाराचा दिवस." मग बोट तिथेच थांबलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मला माहीत होतं की अपराधीपण एवढ्याने जात नाही. एक तारीख सुटली की मन दुसरी शोधतं. तसंच झालं. पुढच्याच वाक्यात तिने विचारलं, "मग त्याआधीचं काय? मी बादल्या उचलत होते, ऑफिसला बसने जात होते." म्हणून मग कारण सांगावं लागलं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो त्यात निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ यायला हवीत, त्याऐवजी एखादं जास्त किंवा कमी येतं. ही चूक बीज तयार होताना किंवा गर्भ धरल्यावर पहिल्या काही दिवसांत होते, बहुतेकदा पाळी चुकल्याचं कळायच्याही आधी. त्यानंतर काय खाल्लं, काय उचललं, याने ती दुरुस्त होत नाही आणि नव्याने घडतही नाही. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी किंवा रस्त्यातल्या खड्ड्याने सातव्या आठवड्यातला गर्भ पडत नाही. तंबाखू, दारू, ताब्यात नसलेली साखर किंवा थायरॉइड यांनी मात्र धोका वाढतो, त्याकडे लक्ष द्यावंच लागतं. तिच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

दिवस गेल्याचं कळलेल्या दर शंभर बायकांपैकी दहा ते वीस जणींना हा अनुभव येतो, आणि बहुतेकींना पहिल्या बारा आठवड्यांतच. वय चाळिशीकडे गेलं की हे प्रमाण तिघींत एक एवढं होतं. हे ऐकून शुभदा म्हणाली, "मग आमच्याकडे कुणालाच कसं नाही झालं?" झालेलं असतं. तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही ही आपल्याकडची रीत. गोड बातमीच सांगितलेली नसली तर वाईट कुणाला सांगणार?

तिला आधी काही कळायला हवं होतं का, हेही तिला टोचत होतं. तिला रक्त गेलं नव्हतं. फक्त सकाळची मळमळ बंद झाली होती आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून घरच्यांना आनंद झाला होता. मळमळ कमी होणं नॉर्मल गर्भारपणातही घडतं, त्यावरून कुणालाही ओळखता येत नाही. उलट पहिल्या तीन महिन्यांत डाग लागलेल्या बायकांपैकी अर्ध्याहून जास्त जणींचं गर्भारपण पुढे नीट चालतं. तरी डाग दिसला की त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावं. आणि काही गोष्टींना सकाळपर्यंतही थांबायचं नाही: तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं दोन तास चाललंय, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येतेय, १००.४ अंशांच्या वर ताप किंवा अंगावर वासाचं पाणी जातंय, पोटात एकाच बाजूला जोरात दुखतंय किंवा खांद्याच्या टोकाला कळ येतेय. शेवटच्या दोन खुणा गर्भ नळीत राहिल्याच्या असू शकतात, आणि नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं.

फाइलमध्ये रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, म्हणून तो विषय तिथे संपला. निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर अँटी-डी इंजेक्शन घ्यायचं का हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारायला हवं, कारण ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

फाइलमधून आणखी एक कागद निघाला, एका लॅबच्या पॅकेजची पावती. नणंदेने सुचवलेली टॉर्च तपासणी, म्हणजे आईकडून गर्भाला होऊ शकणाऱ्या काही जंतुसंसर्गांची रक्ततपासणी, त्यात होती. मी हे उघड बोलते: वारंवार गर्भ पडण्याचं कारण शोधायला ती तपासणी उपयोगाची नाही, आणि तिच्या रिपोर्टमधल्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने घाबरलेल्या किती मुली माझ्याकडे येऊन बसल्या आहेत. एकदाच गर्भ पडला असेल तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड एवढं पुष्कळ होतं. दोनदा झालं तर मात्र शोध घ्यायचा: रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी, तीही बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा, पिशवीचा आकार बघणारी सोनोग्राफी, आणि जमल्यास निघालेल्या अंशाची गुणसूत्र तपासणी. एकदा असं झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं गर्भारपण पूर्ण होतं. एक नीट पाळी आली, मन तयार असलं, की डॉक्टरांशी बोलून पुढचा विचार करता येतो. फोलिक अॅसिडची गोळी मात्र आधीपासूनच सुरू करायची.

मग सासूबाईंना आत बोलावलं. पपईचं काहीतरी विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी हळूच डिस्चार्ज कार्ड पुढे केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘मिस्ड अॅबॉर्शन’. "शेजारणीने वाचलं. म्हणाली, मुलगी होती म्हणून पाडलं का? मॅडम, डॉक्टरांनी पाडलं नाही ना?" महिनाभर ही बाई हा प्रश्न पोटात घेऊन फिरत होती आणि राग पपईवर काढत होती. वैद्यकात अॅबॉर्शन हा शब्द आपोआप पडलेल्या गर्भालाही लावतात, आणि ‘मिस्ड’ म्हणजे वाढ थांबली पण बाहेर काही दिसलं नाही. मी त्यांना तेच कॅलेंडर दाखवलं. "मावशी, ५ ऑगस्टला पहिल्यांदा बघितलं तेव्हाच ठोके नव्हते." त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि मग सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरांनी एक मिनिट काढून तो शब्द समजावला असता तर त्या घरातला एक महिना वाचला असता, असं मला अजून वाटतं.

नवरा शेवटी आत आला. सगळे त्याला एकच सांगत होते, ‘तिला जप.’ म्हणून तो तिच्यासमोर विषयच काढत नव्हता. रडेल म्हणून. ती समजत होती की याला काही वाटलंच नाही. मी विचारलं, तुम्हाला काय आठवतं? त्याने मोबाइल काढला. पहिल्या तपासणीच्या दोन रेषांचा फोटो त्याने अजून ठेवला होता. शुभदाने तो त्याच्या हातातून घेतला.

त्या दोघांना मी एवढंच काम दिलं. रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं याच विषयावर बोलायचं. तोडगा काढायचा नाही, ‘दुसरं होईल’ म्हणायचं नाही, ‘लवकर झालं ते बरं’ तर मुळीच नाही. वेळ झाली की थांबायचं. नातेवाइकांना काय सांगायचं तेही एका वाक्यात ठरवून ठेवायचं आणि ते नवऱ्याने सांगायचं. तिने पाच दिवसांतच ऑफिस गाठलं होतं. कायद्यात मातृत्व लाभ म्हणून गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यासाठी पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं.

महिन्याहून जास्त दिवस झोप लागत नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येत राहतं, जेवण जात नाही, जगून काय करू असं मनात येतं, अशी अवस्था असेल तर माझ्यासारखीचं बोलणं पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लागतो, त्यावर मराठीत बोलता येतं.

जाताना मी शुभदाला विचारलं, "तारीख कुठली दिली होती?" तिला पाठ होती: ९ मार्च. तो दिवस जड जाणार हे मी दोघांना आधीच सांगून ठेवलं. ९ मार्चला दुपारी तिचा फोन आला. नवऱ्याने सुट्टी घेतली होती. सासूबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, आज तू स्वयंपाकघरात येऊ नकोस, मी बघते.