खोट्या आरोपाच्या नोटिशीला काय उत्तर द्यावं?

प्रश्न: सोलापुरात टॉवेल कारखान्यात स्टोअर बघतो. सूत कमी भरलं म्हणून चोरीची नोटीस आलीय. मी काही केलं नाही. काय करू?

उत्तर: नोटीस सही करून घ्या, सहीशेजारी तारीख आणि ‘मिळाली, आरोप मान्य नाही’ लिहा, आणि मुदतीत लेखी खुलासा देऊन पोच घ्या. एमआयडीसीतल्या चौकश्यांत मी कामगारांच्या बाजूनं बसतो. रागानं दुसऱ्यावर दोष ढकलणारा खुलासाच अंगाशी येतो. जे खरंच घडलं तेवढंच लिहा, जसं: ‘दुपारी ३ला पाळी सुटली, चावी सुपरवायझरकडे दिली, चावी रजिस्टरला सही आहे.’ त्या पानाची प्रत मागा. टपरीवर याबद्दल कुणाशी बोलू नका, नाहीतर तुमचाच साक्षीदार पढवलेला ठरतो. साक्षीदाराचं नाव चौकशीतच द्या. पोलिसांत तक्रार झाली असेल, तर मात्र खुलासा आधी वकिलाला दाखवा.