पेटंट अर्जातील पार्श्वभूमी आणि सारांश गुंतवणूकदारासाठी सोप्या भाषेत कसे लिहावेत

प्रश्न : "केळीच्या सोपटातून धागा काढणारे यंत्र आम्ही रावेर तालुक्यात तयार केले असून त्याचा पेटंट अर्ज दाखल आहे. जळगावचे एक व्यापारी कुटुंब पैसे गुंतवायला तयार आहे, पण अर्जातील पार्श्वभूमी आणि सारांश वाचून त्यांना काहीच उमगले नाही. त्यावरून दोन पानांचे सोपे वर्णन कसे लिहावे? संबंधित उतारे सोबत दिले आहेत."

उत्तर :

पार्श्वभूमीचे सोपे भाषांतर करायला बसू नका. आधी अर्जाच्या शेवटी असलेला पहिला दावा, म्हणजे आपण कशावर हक्क सांगतो ते नेमके मांडणारे वाक्य, समोर घ्या आणि त्यातली नेमकी कोणती गोष्ट आपली आहे, ते शोधा. अर्जातला सारांश हा बहुधा पहिल्या दाव्याचीच परिच्छेदरूप नक्कल असतो आणि तो मुद्दाम ऐसपैस लिहिलेला असतो. 'किमान एक रोलर', 'धातू, प्लास्टिक किंवा तत्सम पदार्थ', 'एका स्वरूपात' अशी शब्दयोजना शेताला घातलेल्या कुंपणासारखी असते. आपली हद्द कुठवर आहे ते तिच्यावरून समजते, आत काय पेरले आहे ते समजत नाही. पैसे घालणाऱ्याला आतले पीक पाहायचे असते.

आपल्या पहिल्या दाव्यात पाच गोष्टी आहेत : फिरणारा ड्रम, त्यावरची बोथट पाती, ड्रमसमोरची आधारपट्टी, सोपट आत ओढणारे रोलर आणि सोपटाच्या जाडीनुसार आधारपट्टी मागेपुढे सरकवणारी स्प्रिंगची जोडणी. यांपैकी पहिल्या चार गोष्टी धागा काढण्याच्या जुन्या यंत्रांतही आढळतात. आपली आहे ती पाचवी, आणि तीसुद्धा एका अटीसह : यंत्र चालू असतानाच ड्रम आणि पट्टी यांच्यातले अंतर आपोआप बदलले पाहिजे. वर्णनाचा सगळा भार या एका वाक्यावर ठेवा.

हे ठरले की पार्श्वभूमीतले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, ते आपोआप ठरते. आपल्या अर्जात तागापासून घायपातापर्यंतचा इतिहास आणि परदेशी पेटंटांचे क्रमांक आहेत. त्यांचा उपयोग परीक्षकाला आहे, गुंतवणूकदाराला नाही. त्याला फक्त आज बागेत काय घडते आणि जुने यंत्र नेमके कुठे अडते, एवढेच सांगा. घड उतरल्यावर खोड बांधावर पडते. त्याची बाहेरची सोपटे जाड आणि आतली पातळ असतात. अंतर जाड सोपटाला जुळवले तर पातळ सोपटाचा गर धाग्याला चिकटून राहतो, आणि पातळ सोपटाला जुळवले तर जाड सोपटाचा धागा तुटतो. पार्श्वभूमी येथेच थांबली पाहिजे, कारण आपली पाचवी गोष्ट नेमकी येथून सुरू होते.

या ठिकाणी एक सावधगिरी बाळगा. आपल्या पार्श्वभूमीत 'ज्ञात यंत्रांत अंतर नियंत्रित करण्याची सोय नाही' असे वाक्य आहे. व्यापाऱ्याने ओळखीच्या एखाद्या फॅब्रिकेटरला विचारले, तर तो लगेच सांगेल की बोल्ट सैल करून पट्टी सरकवता येते, आणि मग बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही उडेल. 'अंतर बदलता येते, पण त्यासाठी यंत्र थांबवून बोल्ट फिरवावा लागतो' असे लिहा. हे खरेही आहे आणि त्यातून आपला फरक अधिक ठसठशीत दिसतो.

आता सारांश. 'सदर आधारपट्टी किमान एका लवचीक घटकाद्वारे सदर ड्रमच्या सापेक्ष विस्थापनक्षम असून सदर अंतर ०.५ ते ५ मि.मी. या मर्यादेत परिवर्तनीय आहे' या वाक्याचे रूप मी असे करीन :

'सोपट जाड असले की पट्टी दाबली जाऊन मागे सरते आणि पातळ आले की स्प्रिंग तिला पुन्हा पुढे आणते. त्यामुळे एकाच खोडाची आतली-बाहेरची सोपटे न निवडता, यंत्र न थांबवता, एकामागून एक घालता येतात. आज तयार असलेल्या यंत्रात हे अंतर १ ते ३ मि.मी. इतके बदलते.'

शेवटचे वाक्य सारांशात सापडणार नाही. ते अर्जातल्या तपशीलवार वर्णनातून आणि प्रत्यक्ष यंत्रावरून घ्यावे लागते. अर्जात मोठी मर्यादा लिहिणे गैर नाही, पण गुंतवणूकदारापुढे तीच ठेवली तर यंत्र आज ५ मि.मी.पर्यंत चालते असा त्याचा समज होईल. त्याच कारणाने 'लवचीक घटक' न म्हणता स्प्रिंग म्हणा. मात्र सोपे करण्याच्या भरात 'साधी स्प्रिंग बसवली की काम झाले, हे कोणालाही सुचले असते' असे काही लिहू नका. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो, आणि आपलाच असा कागद त्याच्या हाती लागला तर तो आपल्याविरुद्ध पुढे येऊ शकतो.

'उत्पादनात लक्षणीय वाढ' हे सारांशातले शब्द जसेच्या तसे उचलू नका. त्याऐवजी आपल्या चाचणीचा आकडा द्या आणि तो ओल्या धाग्याचा आहे की वाळलेल्या, हे त्याच ओळीत लिहा. या धंद्यातली सर्वांत मोठी गफलत येथेच होते. केळीचे खोड बहुतांशी पाण्याचेच असते आणि ड्रममधून निघालेला धागा ओलाच असतो. त्याचे वजन सांगितले तर उत्पादन फुगून दिसते, आणि गिऱ्हाईक मात्र वाळलेल्या धाग्याचे पैसे देते. चाचणी कोणत्या हंगामातल्या लागवडीच्या, म्हणजे मृगबागेच्या की कांदेबागेच्या, खोडांवर केली, आणि घड उतरल्यावर खोड किती दिवस पडून होते, हेही एका वाक्यात नोंदवा.

पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आला असेल, तर सारांशावर विसंबूच नका. अहवालाला उत्तर देताना दावे बरेचदा आखडते घेतले जातात, पण सारांश दाखल केला तेव्हाचाच राहून जातो. समजा, आपल्या पेटंट एजंटाने पहिल्या दाव्यात 'स्प्रिंगचा ताण बाहेरून कमीजास्त करणारी मूठ' ही अट घातली असेल, तर मूठ नसलेले यंत्र आता कदाचित आपल्या हद्दीबाहेर गेले असेल, आणि वर्णनात तसे यंत्र 'संरक्षित' म्हणून दाखवणे चुकीचे ठरेल. म्हणून एजंटाकडून दाव्यांची ताजी प्रत मागवा आणि वर्णन तिच्यावरूनच लिहा.

आपण प्रश्नासोबत सोपटाचे पाणी गोळा करणाऱ्या नव्या तबकाचाही उल्लेख केला आहे. दिलेल्या उताऱ्यांत ते कुठेच दिसत नाही. मूळ अर्जात खरोखरच नसेल, तर तूर्तास वर्णनातही घेऊ नका. आधी त्याचा वेगळा अर्ज किंवा जोड-पेटंटाचा अर्ज दाखल करा, नाहीतर आपल्याच प्रसिद्धीमुळे त्याचे नावीन्य जाऊ शकते. मूळ अर्जही दाखल केल्यापासून साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तो अजून प्रसिद्ध झाला नसेल, तर वर्णन देण्याआधी गुप्ततेच्या करारावर सही घेणे शहाणपणाचे.

वर्णनाच्या पहिल्याच पानावर अर्जाची स्थिती स्पष्ट लिहा. 'पेटंट असलेले यंत्र' हे शब्द आज वापरता येणार नाहीत. वस्तूला पेटंट नसताना ते आहे असे दाखवून ती विकणे पेटंट कायद्याच्या कलम 120 नुसार दंडास पात्र आहे. मी पुढील मजकूर सुचवीन : 'या यंत्राच्या स्वयंचलित अंतर-जोडणीसाठी भारतात पेटंट अर्ज दाखल आहे, पेटंट अद्याप मंजूर झालेले नाही, नक्कल करणाऱ्यावर उल्लंघनाचा खटला मंजुरी मिळाल्यानंतरच भरता येतो, मंजूर झाल्यास त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे राहील.' यापुढे अर्जाचा क्रमांक आणि तारीख द्या, म्हणजे अर्ज प्रसिद्ध झाल्यावर त्या कुटुंबाच्या चार्टर्ड अकाउंटंटला पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती स्वतः पाहता येईल.