येळवशीचं स्टेटस

प्रश्न: आमचं खेड्यात किराणा दुकान आहे. सणाला व्हॉट्सॲप स्टेटसवर काय लिहावं म्हणजे गिऱ्हाईक ते वाचेल?

माझं दुकान लातूर जिल्ह्यात, गावच्या पाराजवळ आहे. मला हे माझ्या नातवानं शिकवलं, तेव्हा तो आठवीत होता.

तोवर मी कुणाकडून आलेलं चित्रच स्टेटसला लावायचो. त्या दिवाळीला लावलेल्या चित्राखाली भलत्याच दुकानाचं नाव होतं. नातवानं ते दाखवलं आणि खालची डोळ्याची खूण दाबली. बघणारे अकरा. म्हणाला, "आबा, तुमच्या उधारीच्या वहीत दोनशे नावं, अन् बघायलेत अकराच?"

कारणही त्यानंच सांगितलं. स्टेटस दिसायला दोन्हीकडं नंबर सेव्ह लागतो, आपल्याकडं त्यांचा आणि त्यांच्याकडं आपला. माझ्याकडं सगळ्यांचे होते. पण दुकान हाकेच्या अंतरावर, माझा नंबर कोण कशाला सेव्ह करील? मग सामान बांधताना मी गिऱ्हाइकाच्या फोनवरून मला मिस्ड कॉल द्यायला लावायचो, आणि नातू शाळेतून आला की तिथंच त्यांच्या फोनमध्ये दुकानाचं नाव टाकून द्यायचा. लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला आणि आमचा रानात जाऊन जेवायचा सण येळवस मार्गशीर्ष अमावस्येला, त्यामुळं मधे पुरे दोन महिने मिळाले. तुम्ही आधी हेच करा, मजकुराचं नंतर बघा.

येळवशीचं पहिलं स्टेटस मी लिहिलं ते असं: "सर्व ग्राहक बंधू-भगिनींना वेळ अमावस्येच्या हार्दिक शुभेच्छा." नातवानं वाचलं आणि विचारलं, "आबा, तुम्ही गल्ल्यावर असं बोलता का?" मी म्हणालो, नाही. "मग जसं बोलता तसं सांगा, मी लिहितो." मी बोलत गेलो, तो लिहीत गेला:

"परवा येळवस. भज्जीला हरभऱ्याचं बेसन आजच दळून आणलंय. चिंच बिया काढलेली आहे. खिरीला गूळ, खोबरं, सुंठ मिळेल. उद्या रात्री दहापर्यंत दुकान उघडं. येळवशीला आम्ही पण रानात, दुकान बंद. वलगे वलगे सालम पलगे!"

एवढंच. शेवटची ओळ आमच्याकडं रानात आंबील शिंपडताना म्हणतात. ती वाचली की आमच्या माणसाच्या डोळ्यांपुढं कडब्याची कोप उभी राहते. शुभेच्छा हा शब्द नसला तरी चालतं. "हरभऱ्याचं" मात्र त्यानं माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं. साधा र घेतला तर "हरभर्याचं" होतं आणि डोळ्याला खुपतं. ऱ हे कीबोर्डवर वेगळं अक्षर आहे, ते घेऊन पाय मोडायचा आणि मग या.

वेळ आम्ही विचार करून धरली. स्टेटस चोवीस तासच राहतं. येळवशीच्या दिवशी सगळं गाव रानात असतं आणि भज्जीची तयारी आदल्या रात्रीच झालेली असते. त्या दिवशी सामानाचं लिहून काय उपयोग? म्हणून दोन दिवस आधी, संध्याकाळी सातला टाकलं. दुसऱ्या दिवशी सातपर्यंत ते दिसलं, आणि खरी गर्दी त्याच दिवशी असते. डोळ्यापुढं आकडा आला एकशे सव्वीस.

टाकायच्या आधी एक गोष्ट माझ्या मनात आली. दसऱ्याच्या सुमारास आमच्या गल्लीत एका घरचा कर्ता माणूस गेला होता. आमच्याकडं अशा घरी वर्षभर सण करत नाहीत. त्या माउलीच्या फोनवर माझं "वलगे वलगे" दिसावं हे मला पटेना. नातवाला म्हणालो, राहू दे, टाकूच नको. तो म्हणाला, "आबा, एका घराला वगळता येतंय." स्टेटसच्या प्रायव्हसीत My contacts except नावाची सोय आहे. तिथं त्यानं त्या घरचे दोन नंबर निवडले. त्यांना ते दिसत नाही आणि वगळल्याचं कळतही नाही.

पण ही निवड एकदा केली की तशीच राहते. आपण विसरलो तर ते घर पुढच्या प्रत्येक स्टेटसमधून सुटतं. म्हणून मी उधारीच्या वहीत त्यांच्या पानावर पेन्सिलीनं "स्टेटस नाही" असं लिहून ठेवलं. संक्रांत, पाडवा, पोळा, महालक्ष्म्या, सगळ्या सणांना ते नंबर वगळलेलेच होते. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नातवानं खूण काढली आणि मी पेन्सिलीचं लिहिलेलं खोडलं. त्या येळवशीला स्टेटस टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच माउली दुकानात आली. अर्धा किलो बेसन आणि पावशेर चिंच घेतली, आणि "रानात या जेवायला" म्हणाली.