नेहमीच्या ग्राहकांना दरवाढ कळवताना खरी कारणं कशी मांडावीत?

प्रश्न: माझी घरगुती बेकरी आहे, बरेच ग्राहक पहिल्यापासूनचे आहेत. आता केकचे दर वाढवावेच लागणार. त्यांच्यासाठी पोस्ट लिहायची आहे. खरी कारणं सांगू का, आणि किती सांगू?

उत्तर:

सांगा, पण लिहायला बसण्याआधी एका केकचा हिशोब मांडा. मीही घरूनच बेकिंग करते, आणि माझ्या मते पोस्ट खरी आहे की नाही ते शब्दांपेक्षा या हिशोबावर ठरतं.

समजा चॉकलेट केकची किंमत 100 आहे. त्यात चॉकलेट आणि कोकोचे 15, बटरचे 12, बाकी सामानाचे 13, खोका आणि बोर्डचे 8, गॅस-विजेचे 5. उरलेले 47 तुमच्या मेहनतीचे. आता चॉकलेट 40 टक्क्यांनी महागलं, म्हणजे 6 वाढले. बटर 25 टक्क्यांनी, म्हणजे 3. खोका 25 टक्क्यांनी, म्हणजे 2. एकूण 11. दर तोच ठेवलात तर तुमच्या हातात 47 ऐवजी 36 उरतात.

‘चॉकलेट 40 टक्क्यांनी महागलं, म्हणून केकही 40 टक्क्यांनी’ असं लिहिलं तर ते खरं नाही, कारण सामानामुळे झालेली वाढ 11 टक्केच आहे. त्याहून जास्त वाढवायचं असेल तर तो भाग तुमच्या मेहनतीचा आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. मी तर म्हणेन, आवर्जून सांगा. क्रीम लावण्याचे, फुलं काढण्याचे तास कच्च्या मालाच्या आड लपवले की ग्राहकाला ते कधीच दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे कारण त्या त्या पदार्थाला लागू पडलं पाहिजे. 2024 मध्ये आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये पीक कमी आलं आणि कोकोचा भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला. 2025 मध्ये तो बराच उतरला. ग्राहक बातम्या वाचतात. त्यामुळे जगाच्या भावापेक्षा तुम्ही स्वतः भरलेल्या बिलांबद्दल लिहा, आणि व्हॅनिला केकचा दर कोकोच्या नावावर वाढवू नका. त्यात वाढलेलं असेल तर बटर आणि खोका, म्हणजे वर मांडलेल्या हिशोबातले 5. सगळ्या यादीवर सरसकट एकच टक्का लावणं सोपं असतं, पण व्हॅनिला नेहमी घेणारा माणूस ‘माझ्या केकमध्ये चॉकलेट कुठे आहे?’ असं विचारणारच.

मी साधारण अशी पोस्ट लिहीन:

‘नमस्कार. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून आपल्याकडचा चॉकलेट केक 15 टक्क्यांनी आणि व्हॅनिला केक 9 टक्क्यांनी महाग होईल. चॉकलेट केकमधली 11 टक्के वाढ चॉकलेट, बटर आणि खोक्याची आहे. व्हॅनिलामध्ये बटर आणि खोक्याची 5 टक्के. दोन्हींत उरलेले 4 टक्के माझ्या कामाचे आहेत, ते मी बराच काळ वाढवले नव्हते. केकचं वजन आणि सामान बदललेलं नाही. बिस्किटांचे दर तेच आहेत. आजवर नोंदवलेल्या सगळ्या ऑर्डर जुन्याच दराने मिळतील, तारीख पुढची असली तरी. काही विचारायचं असेल तर मला थेट मेसेज करा.’

एवढं पुरे. आकडा पहिल्याच वाक्यात आहे, कारण वाचणारा तोच शोधत असतो. तीन परिच्छेद आभार वाचून झाल्यावर तो सापडला की माणूस जास्त चिडतो. वजनाचं वाक्य मात्र गाळू नका. दर न वाढवता गुपचूप केक लहान केला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. घरची अडचण, आजारपण, कर्ज यांतलं काहीही पोस्टमध्ये नको. ते खरं असलं तरी ग्राहकाला वाटतं की आता नाही म्हणणं म्हणजे निर्दयपणा. आणि ‘नाइलाजाने’ लिहायचंच असेल तर ते फक्त सामानाच्या 11 टक्क्यांपुरतं लिहा. मेहनतीचे 4 टक्के हा तुमचा निर्णय आहे.

‘भाव उतरले की परत कमी करेन’ असं वचन देताना जपून. चॉकलेटचे 6 टक्के तुम्ही खरंच मागे घेणार असाल तरच द्या, आणि मग किती महिन्यांनी बिलं पुन्हा पाहणार तेही सांगा.

पोस्टनंतर ‘मी तर जुनी, मला तरी जुन्या दराने दे’ असे एकदोन मेसेज येतीलच. एकीला दिलंत की ते दुसरीपर्यंत पोचतं आणि पोस्टमधला सगळा हिशोब खोटा ठरतो. मी अशा वेळी लिहिते, ‘ताई, दर सगळ्यांना सारखाच आहे. पण या महिन्यात ऑर्डर नोंदवलीत तर जुन्याच दराने देते, केक नंतर लागणार असला तरी.’ ही सवलत पोस्टमध्ये सगळ्यांसाठी उघड लिहिलेली असली म्हणजे झालं; तशी द्यायची असेल तर ‘आजवर’च्या जागी ‘या महिनाअखेरपर्यंत’ लिहा.