'टप्पेवार स्थिरांक' मधला 'टप्पा'

"मोरचुदाच्या द्रावणात अमोनियाचे रेणू एकेक करून जोडले जातात, म्हणून चार 'टप्पेवार स्थिरांक' सांगतात. पण रंगाचे चार टप्पे दिसत नाहीत, निळा सलग गडद होत जातो. मग 'टप्पेवार' शब्द चुकीचा का?" (तासगाव, जि. सांगली)

शब्द बरोबर आहे, फक्त 'टप्पा' म्हटलं की पायरी डोळ्यांसमोर येते. पहिली संपल्याशिवाय दुसरी नाही. इथे एसटीच्या भाड्याचा टप्पा आठवावा. सांगली-तासगाव गाडीत टप्पे ठरलेले असतात, पण सगळे प्रवासी एकाच टप्प्याचं तिकीट काढत नाहीत. तांब्याचे आयनही तसेच एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात.

स्थिरांक म्हणजे त्या टप्प्यावरचा अमोनिया किती घट्ट जोडला जातो ते सांगणारा आकडा. अमोनियम नायट्रेटच्या दाट द्रावणात मोजलेल्या चार स्थिरांकांचे लॉग साधारण 4.15, 3.50, 2.89 आणि 2.13 आहेत. लागोपाठच्या दोन स्थिरांकांत फरक फक्त चार ते सहा पटींचा. मोकळा अमोनिया 0.001 मोलर असेल तेव्हाचा हिशेब मांडला, तर सुमारे 14 टक्के तांब्याला एक अमोनिया जोडलेला असतो, 45 टक्क्यांना दोन, 35 टक्क्यांना तीन आणि 5 टक्क्यांना चार. एकही टप्पा एकटा सापडत नाही, म्हणून रंग सलग बदलतो. मोकळा अमोनिया 0.1 मोलर झाला की मात्र सुमारे 93 टक्के तांबं चौथ्या टप्प्यावर पोचतं.

'गडद' हा शब्दही इथे अर्धंच सांगतो. मोरचुदाचं द्रावण कितीही दाट केलं तरी ते जांभळट होत नाही. पाण्याने वेढलेलं तांबं मुख्यतः 800 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तांबड्याच्या पलीकडे शोषतं. दृश्य प्रकाशातला थोडाच तांबडा जातो, म्हणून रंग आकाशी. अमोनिया तांब्याच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या पाण्यापेक्षा जास्त फाकवतो. त्यामुळे शोषण 600 च्या आसपास, नारिंगी भागात सरकतं, आणि त्याची तीव्रताही सुमारे चौपट होते. छटा बदलते ती सरकण्यामुळे, गडदपणा वाढतो तो सरकणं आणि तीव्रता या दोन्हींमुळे. म्हणून 'गडद जांभळट निळा' म्हणणं अचूक.

हे बघायचं तर 0.25 ग्रॅम मोरचूद आणि 16 ग्रॅम अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळवून 100 मिली द्रावण करा. त्यात 1 मोलर अमोनिया थोडा थोडा घाला. 14-15 मिलीच्या आसपास रंग जवळपास पूर्ण चढतो. अमोनियम नायट्रेट वगळलं तर आधी फिकट निळसर गढूळ साका येतो. तो पहिला 'टप्पा' नव्हे. अमोनियामुळे पाण्यात आलेल्या हायड्रॉक्साइडने तांब्याचा साका पाडलेला असतो. आणखी अमोनिया घातला की तो विरघळतो. अमोनियम आयन भरपूर असले की हायड्रॉक्साइड वाढत नाही आणि द्रावण शेवटपर्यंत नितळ राहतं.

पाचवा अमोनियाही जोडला जातो, पण त्याचा लॉग सुमारे उणे 0.5, म्हणून तो फक्त अतिदाट अमोनियात दिसतो. तेव्हा शोषण उलट तांबड्याकडे सरकतं.