हात टेकले म्हणजे नेमके काय केले?

प्रश्न: माझी सून मध्य प्रदेशातली आहे. मराठी शब्द तिला समजतात, पण वाक्प्रचार आला की अडते. शब्दाला शब्द लावून अर्थ का लागत नाही? हे जमतं कसं?

उत्तर: कारण वाक्प्रचाराचा अर्थ एकेका शब्दात नसतो, अख्ख्या जोडीला चिकटलेला असतो. आपल्याकडे कापसाच्या हंगामात सर्रास ऐकू येतं, ‘तीन फवारे मारले, शेवटी बोंडअळीपुढे हात टेकले.’ सूनबाई याचं हिंदी करेल तर जमिनीला हात लावल्याचं चित्र उभं राहील. हिंदीत हाच भाव गुडघ्यांवर जातो, घुटने टेक दिए.

आणखी एक गोष्ट कोशात सहसा सापडत नाही. या वाक्प्रचाराला आधी धडपड लागते. फवारणीच न करता ‘हात टेकले’ म्हटलं तर कानाला खटकतं. हात अनेकवचनीच हवेत. ‘एक हात टेकला’ म्हटलं की हार संपली, नुसता टेकलेला हात उरला. आणि ‘आजी हात टेकून उठली’ यात तर सरळच अर्थ आहे. तो ओळखायचा आजूबाजूच्या शब्दांवरून: ‘कशापुढे?’ याचं उत्तर वाक्यात किंवा बोलण्याच्या ओघात मिळालं, तर बहुधा हार.

म्हणून तिला याद्या पाठ करायला देऊ नका. ऐकलेलं वाक्य पूर्ण लिहू द्या, कोण कशाबद्दल बोललं तेही. मग तेच तिच्या कामावर बसवू द्या: ‘या चुलीपुढे मी हात टेकले.’ चुकलं तर तिथल्या तिथे नीट वाक्य म्हणून दाखवा. समजणं आधी येतं, स्वतः वापरणं बरंच उशिरा.